जीन्सचं बटण पकडीनं काढताना

आमच्याकडे बटण बदलायला येणाऱ्या बऱ्याच जीन्सवर घरी एकदा झटापट झालेली असते. कुणी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलेलं असतं, कुणी पॅन्ट पायाखाली दाबून बटण ओढलेलं असतं. बटण निघत नाही आणि भोक मात्र मोठं होतं. बटण बदलणं पाच मिनिटांचं काम, पण फाटलेली कमरपट्टी दुरुस्त करायला तास जातो. म्हणून हा कागद पिशवीत घालून देतो आहोत. घरी करायचं असेल तर असं करा.

आधी बटण आतून कसं असतं ते पाहू. जीन्सचं बटण शिवलेलं नसतं, ठोकलेलं असतं. वर दिसते ती टोपी. टोपीच्या खाली एक आखूड पोकळ मान असते. कापडाच्या आतल्या बाजूला पातळ चकती असते, तिच्या मधोमध खिळा. हा खिळा कापडातून वर येऊन मानेच्या पोकळीत शिरतो आणि ठोकल्यावर आत घट्ट बसतो. म्हणजे टोपी आणि चकती यांच्यामध्ये कापड चेपलेलं असतं. तुम्ही टोपी ओढता तेव्हा चकती तो सगळा जोर कापडावर घेते. खिळा सुटायच्या आधी धागे तुटतात ते यामुळे. सगळी युक्ती एवढीच, की जोर एका धातूकडून दुसऱ्या धातूवर जायला हवा, मधल्या कापडावर नाही. त्यासाठी दोन पकडी लागतात. एका पकडीनं हे काम होतं असं सांगणाऱ्याला आपली पॅन्ट देऊ नका.

पहिली पक्कड नोज प्लायर, निमुळत्या तोंडाची. दुसरी एंड कटर, म्हणजे जिची धार तोंडाच्या टोकाला आडवी असते ती. चपला दुरुस्त करणाऱ्यांकडे खिळे उपटायला असते तशी. हिचं तोंड समोरून सपाट असतं, त्यामुळे ती कापडावर आडवी टेकवता येते. साध्या पकडीचं तोंड जाड असतं, ते चकतीच्या कडेखाली शिरतच नाही.

पॅन्ट उलटी करून चकती वर येईल अशी टेबलावर ठेवा. जुन्या व्हिजिटिंग कार्डाला मधोमध चीर पाडा आणि ते चकतीच्या कडेला लागून कापडावर सरकवा. कटर घसरला तर कार्ड कापलं जाईल, कापड नाही. आता एंड कटरची धार चकतीच्या कडेवर दोन्ही बाजूंनी टेकवून हळू दाबा. चकती मऊ धातूची असेल तर कड लगेच वर वळते. पाव वळसा फिरवून पुन्हा दाबा. तीन-चार वेळा असं केलं की चकती पुरीसारखी दुमडते आणि तिला धरायला जागा होते. इथं घाई करू नका. एका दाबात चकती तोडायला गेलात तर तिचा तुकडा उडतो. डोळ्यांवर चष्मा हवा, नाहीतर निदान हातावरून एखादं फडकं टाकून काम करा.

मग टोपीच्या बाजूनं मान नोज प्लायरमध्ये धरा. टोपी धरू नका, मान धरा. आणि धरण्यापुरतीच धरा, कारण जोरात दाबली तर पोकळ मान चेपते आणि आतल्या खिळ्याला आणखी आवळून बसते. दुसऱ्या हातातल्या एंड कटरनं दुमडलेली चकती पकडा. आता दोन्ही पकडी एकमेकींपासून सरळ रेषेत ओढत, चकती थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे अशी हलवा. पूर्ण वळसा द्यायची गरज नाही. थोड्या वेळात खिळा सैल झाल्याचं हाताला कळतं, मग तो एकदम सटकून बाहेर येतो किंवा मानेजवळ तुटतो. दोन्ही चालतं.

हे करताना नजर बटणावर नाही, भोकाभोवतीच्या कापडावर ठेवा. धागे भोवऱ्यासारखे गोल ओढले जाताना दिसले, तर कापड खिळ्याबरोबर फिरतंय. तिथंच थांबा, उलट फिरवून कापड मोकळं करा आणि पकड नीट बसवून पुन्हा सुरुवात करा.

काही बटणांची टोपी मानेवर डुलते, बोटानं गरागरा फिरते. अशा बटणाची टोपी कितीही पिळली तरी खिळ्याला काही होत नाही. गेल्या पावसाळ्यात एक काका अशीच पॅन्ट घेऊन आले. त्यांनी टोपी पिळली, ती नुसतीच फिरत राहिली. चिडून त्यांनी पकडीत टोपी आणि खालचं कापड दोन्ही एकत्र धरून वळसा दिला. भोक अंगठ्याच्या नखाएवढं झालं, कडेचे आडवे धागे तुटलेले आणि बटण जागच्या जागी! आम्ही चकती वळवली, मान धरली, बटण पाच मिनिटांत काढलं. मग भोकाच्या आतून चार सेंटिमीटर चौकोनाचा डेनिमचा तुकडा चिकट कॅनव्हासनं बसवला, त्यावर बारीक उलटसुलट शिलाई मारली आणि नवं बटण सेंटिमीटरभर आत, धड कापडावर ठोकलं. काका म्हणाले, आता पोट आत घ्यावं लागणार. त्यावर आमच्याकडे उपाय नाही.

खिळा निघाल्यावर भोक दोन-तीन मिलिमीटरचं, गोल आणि कडा धड असेल तर नवं बटण त्याच भोकात बसतं. भोक लांबट झालं असेल, किंवा उजेडासमोर धरल्यावर भोकाभोवतीचं कापड जाळीसारखं दिसत असेल, तर आधी आतून तुकडा लावून घ्या. नुसतं मोठ्या चकतीचं बटण बसवून भोक झाकू नका. काही धुण्यांत ते कापडासकट निघतं.

टिच बटणाचं तंत्र वेगळं आहे. लहान मुलांच्या कपड्यांवर असतं त्या टिच बटणाला खिळा नसतो, दात्यांची रिंग असते. दाते कापडातून वर येऊन समोरच्या भागाच्या कडेत वळलेले असतात. ओढलं की हे दाते होजिअरी चिरत जातात. इथं एंड कटर उभी धरून वरच्या भागाची कड दोन बाजूंनी दाबायची, म्हणजे गोल भाग अंडाकृती होतो. मग पाव वळसा देऊन पुन्हा दाबायचं. दाते आपोआप सुटतात आणि वरचा भाग बोटानं उचलता येतो. रिंग मागून अलगद काढा, कारण दाते अजून वाकडेच असतात आणि अडकतात. एखादा दाता अडकलाच तर नोज प्लायरनं सरळ करून मग काढा.

पातळ चामडं, खूप विरलेली डेनिम आणि जॅकेटवरचं नळी फाकवून बसवलेलं टिच बटण घरी काढायला जाऊ नका, ते दुकानात आणा. आणि स्वतः काढलंत तरी टोपी आणि चकती फेकू नका, दोन्ही घेऊन या. नव्या बटणाचं माप आणि खिळ्याची लांबी त्यावरूनच ठरते. पॅन्टही बरोबर हवी, कारण कमरपट्टीची जाडी बोटांत धरूनच कळते.