मिक्सरमधील युनिव्हर्सल मोटर

एसी आणि डीसी अशा दोन्ही पुरवठ्यांवर चालणाऱ्या, कार्बन ब्रश असलेल्या एकसर जोडणीच्या मोटरला युनिव्हर्सल मोटर म्हणतात. बहुतेक घरगुती मिक्सर-ग्राइंडरमध्ये हीच मोटर असते. 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर थेट चालणारी इंडक्शन मोटर मिनिटाला 3,000 फेऱ्यांच्या पुढे जाऊ शकत नाही. मिक्सरची मोटर मात्र मोकळी फिरताना साधारण 18,000 फेऱ्यांपर्यंत जाते, म्हणून सुकं खोबरं किंवा खडा मसाला भुकटी होईपर्यंत दळता येतो.

तिच्यात विजेचा रस्ता एकच असतो: चुंबकीय क्षेत्र तयार करणारी एक स्थिर फील्ड कॉइल, एक कार्बन, दांड्यावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कम्युटेटरमार्गे आर्मेचरचे, म्हणजे फिरत्या भागाचे, वेटोळे, दुसरा कार्बन आणि मग दुसरी फील्ड कॉइल. एसीची दिशा पालटली की फील्ड आणि आर्मेचर दोन्हींतला प्रवाह एकाच वेळी पालटतो, त्यामुळे फिरण्याची दिशा तीच राहते. या रस्त्यात कुठेही खंड पडला तर सगळी मोटर गप्प होते. हलवल्यावर किंवा थोपटल्यावर चालू होणाऱ्या मिक्सरमध्ये आधी कार्बन तपासतात ते याचसाठी.

वेग कसा बदलतो

आर्मेचर फिरू लागले की त्यात पुरवठ्याला विरोध करणारा विद्युतदाब तयार होतो. वेग आणि चुंबकीय क्षेत्र जितके जास्त, तितका हा विरोध जास्त. बऱ्याच मिक्सरमध्ये फील्ड कॉइलच्या वेढ्यांतून मध्येच तारा बाहेर काढून त्या फिरत्या स्विचला जोडलेल्या असतात. एक नंबरवर जास्त वेढे वापरात असतात. क्षेत्र बळकट असल्याने कमी वेगातच पुरेसा विरोध तयार होतो आणि मोटर तिथे स्थिरावते. तीन नंबरवर वेढे कमी होतात, क्षेत्र दुबळे पडते आणि तेवढाच विरोध उभा करायला आर्मेचरला अधिक जोरात फिरावे लागते. क्षेत्र कमी केल्याने वेग वाढतो, हे ऐकायला उलटे वाटते खरे. काही यंत्रांत हळू वेगासाठी डायोड बसवून एसीची अर्धी लाटच मोटरला देतात.

नंबर म्हणजे ठरलेला वेग मात्र नव्हे. भांड्यात घट्ट वाटण असले की त्याच नंबरवर आवाज खाली उतरतो: वेग पडतो, विरोध घटतो, प्रवाह वाढतो. मोटर थंड ठेवणारा पंखाही त्याच दांड्यावर असल्याने ती सर्वात तापते तेव्हाच वारा कमी मिळतो. इडलीचे पीठ घट्टच रेटले तर तळाचे लाल बटण, म्हणजे ओव्हरलोड, उडते ते यामुळे.

कार्बन का झिजतात

पहिले कारण घर्षण. समजा कम्युटेटरचा व्यास 24 मिलिमीटर आहे. मग एका फेरीत ब्रशखालून साडेसात सेंटिमीटर तांबे सरकते, आणि 18,000 फेऱ्यांना ते ताशी सुमारे 80 किलोमीटर होते. कार्बन मऊ ठेवतात ते यासाठीच: झिजायचे तर स्वस्त कार्बनने झिजावे, तांब्याच्या पट्ट्यांनी नव्हे. त्याची भुकटी आणि तांब्याचे ऑक्साइड मिळून पट्ट्यांवर तपकिरी चकाकीचा थर बसतो; तो वंगणासारखा काम करतो, घासून काढू नये.

दुसरे कारण ठिणगी. ब्रश दोन पट्ट्यांवर एकदम टेकतो त्या क्षणी त्यांमधले वेटोळे शॉर्ट होते आणि त्यातला प्रवाह उलटावा लागतो. कम्युटेटरला 24 पट्ट्या असतील, तर एकेका पट्टीच्या वाट्याला सेकंदाच्या सात हजाराव्या भागाएवढा वेळ येतो. वेटोळ्याला प्रवाहातला बदल चटकन करता येत नाही, म्हणून पट्टी सुटताना ठिणगी पडते. शिवाय एसीवर फील्डचे बदलते क्षेत्र त्या शॉर्ट वेटोळ्यात वेगळा प्रवाह खेळवते. तो कार्बनच्या रोधामुळे आवरतो. तांब्याचा ब्रश इथे टिकलाच नसता.

संध्याकाळी दिवा मालवून मागच्या जाळीतून पाहिले तर ब्रशच्या कडेला बारीक निळसर ठिणग्या दिसतात; त्या ठीक आहेत. स्प्रिंग ढिली पडली, दांड्याला आधार देणारा बुश झिजून दांडा हलू लागला किंवा पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या वर आला, की ब्रश उड्या मारतो, ठिणग्या मोठ्या होतात आणि झीज भराभर वाढते. दोन्ही कार्बन एकदमच बदलावेत, अर्थात प्लग काढून. नव्या कार्बनचे तोंड कम्युटेटरच्या गोलाईला लागेपर्यंत ठिणग्या जास्त दिसतात, म्हणून सुरुवातीला काही वेळ रिकामे भांडे लावून एक नंबरवर चालवतात.

नवे कार्बन काही दिवसांतच संपले तर दोष त्यांचा नसतो. तेव्हा पट्ट्या पाहाव्यात. सगळीकडे सारखा तपकिरी रंग असेल तर आर्मेचर बहुधा चांगले आहे, आणि स्प्रिंग व बुश तपासावेत. शेजारशेजारच्या दोनतीनच पट्ट्या काळ्या जळलेल्या असतील आणि चालताना कम्युटेटरभोवती ठिणग्यांचे कडे फिरत असेल, तर आर्मेचरचे वेटोळे तुटलेले किंवा शॉर्ट झालेले असते. मग आर्मेचरच बदलावे लागते.