"दुर्लक्ष केलं" हे वागणं नाही, तो शेरा आहे

एप्रिल आला की अप्रेझलचे फॉर्म येतात आणि कमेंटच्या रकान्यात दरवर्षी तीच वाक्यं पडतात, "कामात निष्काळजी", "अजून जबाबदारी घ्यायला हवी", "अ‍ॅटिट्यूड सुधारावा". वाचणाऱ्याला यातून कळतं काय, तर साहेब आपल्यावर नाराज आहेत एवढंच. नेमकं काय बदलायचं ते कळत नाही.

यावर सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या अमेरिकन संस्थेची एक साधी पद्धत आहे, एसबीआय म्हणतात तिला (बँक नाही भाऊ, सिच्युएशन, बिहेवियर, इम्पॅक्ट). म्हणजे प्रसंग कोणता, त्यात माणसाने काय केलं आणि त्याचा परिणाम काय झाला. ऐकायला सोपी वाटते, पण लिहायला बसलं की मधल्या खान्यात बहुतेक जण घसरतात, वागणं लिहायचं तिथे शेरा लिहून मोकळे होतात आणि आपण शेरा लिहिलाय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. म्हणून या दोघांमधला फरकच नीट बघू.

रावेर-सावदा पट्ट्यातल्या एखाद्या केळीच्या पॅकहाऊसचा प्रसंग घ्या. केळी धुवून, ग्रेडिंग करून, बॉक्समध्ये भरून प्रीकूलिंगला लावतात, आतल्या गराचं तापमान साधारण 13-14 अंशांवर आलं की मग बॉक्स रचलेले पॅलेट रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये चढवायचे. चढवण्याआधी प्रोब थर्मामीटर फळात खुपसून तापमान बघायचं आणि रजिस्टरला लिहायचं. हे महत्त्वाचं अशासाठी की रीफर गार झालेला माल गार ठेवतो, गरम माल पटकन गार करायचं काम त्याचं नाही, त्यामुळे आत कोमट फळ गेलं की वाटेतच पिकायची भीती. आणि फार गार झालं तरी पंचाईत, साल काळपट पडते. आता समजा 18 मार्चला दुपारच्या शिफ्टमध्ये लोडिंग बघणाऱ्या मुलाने चार पॅलेट तापमान न लिहिता चढवले.

सुपरवायझर फॉर्मवर पहिल्यांदा लिहितो, "लोडिंगच्या कामात निष्काळजी." हा शेरा आहे हे कोणीही सांगेल. त्याला सांगितलं की भाऊ, शेरा नको, वागणं लिही, तर तो लिहितो, "तापमानाच्या नोंदीकडे दुर्लक्ष केलं." आणि इथे सगळे फसतात, कारण वाक्यात क्रियापद आलं, माणसाने काहीतरी "केलं" असं दिसतं, म्हणजे झालं की वागणं. पण दुर्लक्ष डोळ्याला दिसत नाही ना. दिसलं काय, तर रजिस्टरचा रकाना कोरा होता आणि पॅलेट आत गेले होते. त्याने नोंदीची फिकीरच केली नाही, हे आपण आपल्या मनाने जोडलं. "टाळाटाळ केली", "उद्धटपणे बोलला", "मनावर घेतलं नाही", "मुद्दाम उशीर लावला" ही सगळी याच जातीची वाक्यं आहेत, वरून वागणं आणि आत शेरा.

ओळखायचं कसं? माझी पद्धत अशी, त्या वेळी लोडिंग बेवर अजून एक माणूस उभा असता आणि त्याला या मुलाबद्दल ना राग ना लोभ, तर त्याने हेच वाक्य लिहिलं असतं का. "चार पॅलेट चढवले, रजिस्टरला तापमान लिहिलं नाही" हे त्याने लिहिलं असतं. "दुर्लक्ष केलं" कदाचित लिहिलं असतं, कदाचित "घाईत होता" लिहिलं असतं, कदाचित "कोणी सांगितलं नसेल" असंही लिहिलं असतं. जिथे दोन बघणाऱ्यांची दोन वाक्यं होऊ शकतात तिथे शेरा सुरू झाला समजायचं. तसंच "नेहमी" आणि "कधीच" हे दोन शब्द आले की पेन थांबवायचं, कारण त्यांच्यासोबत प्रसंगच गायब होतो.

मग पूर्ण कमेंट अशी होते: "18 मार्च, दुपारची शिफ्ट, कंटेनर लोडिंग. चार पॅलेट गराचं तापमान रजिस्टरला न लिहिता चढवले. त्यामुळे ते परत उतरवून मोजावे लागले आणि गाडी दोन तास उशिरा सुटली." परिणामातही जे झालं तेवढंच आहे बघा. "कंपनीचं नाव खराब झालं असतं" हे झालेलं नाही, ती आपली धास्ती आहे, ती घातली की समोरचा मूळ गोष्ट सोडून त्यावरच भांडत बसतो.

आता या दोन वाक्यांमधला खरा फरक कधी कळतो, तर त्या मुलाला समोर बसवून विचारल्यावर. या पद्धतीत नंतर हेतू विचारायची पायरीही जोडलेली आहे ती याचसाठी. सुपरवायझरने विचारलं, "त्या दिवशी नोंद का नाही झाली रे?" तो म्हणाला, "दादा, प्रोब एकच आहे ना, तो दुसऱ्या बेवर गेलेला, ड्रायव्हर घाई करत होता, म्हटलं नंतर लिहू." आता बघा, "दुर्लक्ष केलं" हे वाक्य पडलं, कारण त्याच्या लक्षात होतं. पण "नोंद न करता चढवले" हे वाक्य जागेवर आहे, त्याला ते खोडता येत नाही आणि खोडायची त्याला गरजही वाटत नाही. मग पुढचं बोलणं कामाचं होतं, दुसरा प्रोब मागवायचा आणि तो येईपर्यंत मोजल्याशिवाय पॅलेट चढवायचा नाही, ड्रायव्हरने घाई केली तर शिफ्ट इनचार्जला फोन करायचा. शेरा लिहिला असता तर दोघं "मी निष्काळजी आहे की नाही" यावर अर्धा तास घालवून उठले असते आणि प्रोब एकचा एकच राहिला असता.

अजून एक गल्लत होते. व्यक्तिगत लिहू नका म्हटलं की काही जण माणूसच वाक्यातून काढून टाकतात, "नोंदी घेतल्या गेल्या नाहीत", "लोडिंगमध्ये त्रुटी आढळल्या". हे सभ्य वाटतं पण निरुपयोगी आहे, कोणी काय केलं तेच कळत नाही आणि मग तीन शिफ्टचे लोक एकमेकांकडे बघतात. माणसाने काय केलं ते स्पष्ट लिहायचं, माणूस कसा आहे ते लिहायचं नाही.

कौतुकालाही हेच लागू आहे आणि तिथे तर आपण फारच कंजूष, "मेहनती, प्रामाणिक" लिहून मोकळे. बॉक्समध्ये घासलेली फणी दिसली म्हणून कोणी पूर्ण लॉट थांबवून परत ग्रेडिंग केलं असेल तर तो दिवस, ते थांबवणं आणि त्यामुळे खराब माल पुढे गेला नाही हे लिहा, म्हणजे पुढच्या वेळी लॉट थांबवायला तो कचरणार नाही.

मात्र एका प्रसंगावर वर्षाचा निकाल लावता येत नाही. एप्रिलमध्ये आठवून लिहायला बसलं की मार्चचंच आठवतं, ऑगस्टमध्ये त्याच मुलाने भर पावसात काय सांभाळलं ते विसरलेलं असतं. म्हणून प्रसंग घडला त्याच संध्याकाळी तारीख, काय केलं, काय झालं एवढ्या तीन ओळी मोबाईलमध्ये टाकून ठेवायच्या, चांगल्याच्याही आणि चुकीच्याही, आणि चूक असेल तर त्याच आठवड्यात त्याला सांगायची, फॉर्मसाठी राखून ठेवायची नाही. सवय आहे असं लिहायचं असेल तर वेगवेगळ्या तारखांचे दोन-तीन प्रसंग हातात हवेत, तेवढे नसतील तर एकच प्रसंग एकच म्हणून लिहावा.