तुमच्या तेजोमेघाच्या चित्रातले रंग कसे वाचायचे

आमच्याकडून तेजोमेघाचे चित्र नेणारे जवळजवळ सगळेच विचारतात, हे रंग खरे आहेत का? टिपलेला प्रकाश खराच आहे. कोणत्या प्रकाशाला कोणता रंग द्यायचा, हे मात्र चित्र तयार करणारा ठरवतो.

हायड्रोजनचा प्रकाश ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीवर येतो आणि गंधकाचा ६७२ च्या आसपास. दोन्ही गडद लाल, त्यामुळे नैसर्गिक रंगांत ते एकमेकांत मिसळून जातात. ऑक्सिजनचा प्रकाश ५००.७ वर, हिरवट निळा. म्हणून एकेकच प्रकाश आत सोडणारे, अरुंद पट्ट्याचे तीन फिल्टर लावून तीन कृष्णधवल चित्रे घेतात आणि गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा रंग देतात. तरंगलांबीचा क्रम तोच राहतो, फक्त दोन लालांमधले अंतर डोळ्यांना दिसेल इतके वाढते.

हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघातले वायू आणि धुळीचे स्तंभ याच पद्धतीने रंगवलेले आहेत. स्तंभांमागचा निळा-हिरवा उजेड आधी पाहा. ऑक्सिजनचा हा प्रकाश मिळायला त्याच्या अणूतून दोन इलेक्ट्रॉन निघावे लागतात, आणि दुसरा काढायला ३५ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. एवढी ताकद अतितप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांतच असते, म्हणून निळा रंग त्या किरणांना मोकळी वाट मिळते तिथे दिसतो. आता नजर स्तंभाच्या कडेवर आणा. गंधकाचा पहिला इलेक्ट्रॉन साधारण १०.४ इलेक्ट्रॉन व्होल्टमध्येच सुटतो, त्यामुळे दाट वायूत शिरताना किरण जिथे क्षीण होतात तिथे गंधक उठून दिसते. त्याचा लाल आणि हायड्रोजनचा हिरवा मिळून ती कड पिवळसर, सोनेरी होते. स्तंभाचा काळोखा गाभा रिकामा नाही. तिथली धूळ प्रकाश अडवते.

सोनेरी भाग पाहून तिथे गंधक जास्त आहे, असे मात्र समजू नका. हायड्रोजनचा प्रकाश सहसा इतका प्रबळ असतो की तिन्ही चित्रे आहेत तशी जोडली तर सगळे हिरवेगार दिसेल. म्हणून गंधक आणि ऑक्सिजनची चित्रे बरीच उजळवतात, हिरवा कमी करतात. या फेरफाराची खूण ताऱ्यांवर सापडते. तारे तिन्ही फिल्टरमध्ये चमकतात, पण लाल आणि निळा जास्त उजळवल्याने ते जांभळट-गुलाबी होतात. तारे पांढरे दिसले, तर ते बहुधा नंतर दुरुस्त केलेले असतात किंवा साध्या रंगीत चित्रातून आणलेले.

यामुळेच दोन वेगवेगळ्या चित्रांतल्या रंगांची तुलना करून वायूचे प्रमाण ठरवता येत नाही. एकाच चित्रात एक रंग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, ते पाहणे जास्त भरवशाचे. एखाद्या भागाबद्दल शंका वाटली तर आमच्याकडे त्या चित्राची तीन मूळ कृष्णधवल चित्रे मागा. तो भाग त्यांपैकी कशात उजळ आहे ते पाहिले की उत्तर मिळते.