`Goa@1961` पासून लॅप्सपर्यंत : लोकल अ‍ॅडमिनच्या पासवर्डची पार्श्वभूमी

पणजीतल्या एका कार्यालयात मी २०१० साली कामाला लागलो, तेव्हा तिथल्या शंभरावर मशीनवर लोकल अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड एकच होता : `Goa@1961`. गोव्यात नेटवर्कचं काम केलेल्याला हा पासवर्ड, किंवा त्याचं एखादं भावंड, कुठे ना कुठे भेटलेलं असतंच. कॅपिटल अक्षर आहे, चिन्ह आहे, आकडे आहेत, आठ अक्षरं भरतात. विंडोजचे नियम पाळले गेले आणि मुक्तीचं साल असल्यामुळे कुणी विसरायचाही प्रश्न नाही.

हे आळसातून झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. एक मशीन नीट लावायचं, त्याची इमेज काढायची आणि तीच बाकीच्यांवर ओतायची, ही तेव्हा सगळीकडची पद्धत होती. पासवर्ड इमेजमधून यायचा, नाहीतर `unattend.xml` मधून. आमच्या इमेजमध्ये विंडोजचं मूळचं Administrator खातंही चालू करून ठेवलं होतं. व्हिस्टापासून ते मुळात बंद असतं, आणि इतर लोकल अ‍ॅडमिन खाती नेटवर्कवरून वापरली तर त्यांचे अधिकार छाटले जातात. मूळच्या खात्याला मात्र ही छाटणी सहसा लागत नाही. म्हणजे आम्ही नेमकं तेच खातं उघडं ठेवलं होतं, जे एका मशीनवरून दुसऱ्यावर सर्वांत सहज पोचतं.

खरी गोम पासवर्ड सोपा असण्यात नव्हती. विंडोज लोकल खात्याच्या पासवर्डचा एमडी४ हॅश, म्हणजे त्यापासून गणिताने काढलेला ठसा, साठवतं आणि त्यात मशीनगणिक वेगळं असं काहीच मिसळत नाही. पासवर्ड एक, की सगळीकडचा हॅश अक्षरशः तोच. आणि एनटीएलएम या विंडोजच्या जुन्या पद्धतीने ओळख पटवताना समोरच्याला पासवर्ड लागत नाही, हॅश पुरतो. पॉल अ‍ॅश्टन यांनी हे १९९७ मध्येच सांबाच्या क्लायंटमध्ये फेरफार करून दाखवलं होतं. काणकोणच्या शाखेतलं एखादं जुनं मशीन पेनड्राइव्हवरून बूट करून कुणी त्यातला हॅश काढला, तर पासवर्ड फोडत बसायची गरजच नाही. पणजीच्या हिशेब विभागातलं मशीन त्याच हॅशवर उघडतं. तिथे सगळ्या नेटवर्कवर हक्क असलेल्या एखाद्या डोमेन अ‍ॅडमिनने लॉगिन केलेलं असलं, की मेमरीत त्याचाही हॅश सापडतो आणि मामला एका शाखेचा राहत नाही. पासवर्ड वीस अक्षरांचा केला असता तरी यात तिळमात्र फरक पडला नसता.

मग लोकांनी आपापले उपाय काढले. कुणी पासवर्डच्या शेवटी मशीनचा नंबर जोडला. दोन मशीनचे पासवर्ड कळले की बाकीचे सांगायला ज्योतिषी नको. कुणी स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये `net user Administrator` असं लिहून पासवर्ड बदलला, पण ती स्क्रिप्ट मशीनना वाचता यावी म्हणून डोमेनच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवावी लागे आणि तिथे ती कुणीही उघडून वाचू शके.

मायक्रोसॉफ्टचं अधिकृत उत्तर विंडोज सर्व्हर २००८ सोबत आलं : ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेस. २००६ मध्ये विकत घेतलेल्या डेस्कटॉपस्टँडर्ड या कंपनीच्या साधनावर ते बेतलेलं होतं. अ‍ॅडमिनने खिडकीत नवा पासवर्ड टाइप करायचा आणि पॉलिसी तो सगळ्या मशीनवर पोचवणार. आम्ही २०११ मध्ये ते वापरलं आणि सुटलो असं वाटलं. पासवर्ड डोमेनच्या त्याच सामायिक फोल्डरमधल्या, म्हणजे `SYSVOL` मधल्या, `Groups.xml` या फाईलमध्ये `cpassword` नावाने एन्क्रिप्ट होऊन बसायचा. एन्क्रिप्शनही हलकं नव्हतं, २५६ बिटांचं एईएस होतं.

फक्त त्याची किल्ली जगभरच्या सगळ्या विंडोजसाठी एकच होती आणि ती मायक्रोसॉफ्टने स्वतः छापली होती. इतरांना विंडोजशी जुळणारी साधनं लिहिता यावीत म्हणून प्रोटोकॉलचे तपशील जाहीर केले जातात, त्या दस्तऐवजात बत्तीस बाइटची ती किल्ली जशीच्या तशी दिलेली आहे. आमच्याकडे जुन्या घरात किल्ली तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवून बाजाराला जात, तसाच प्रकार, फक्त इथे कोनाडा कुठला हेही फाटकावर लिहिलं होतं. छापली नसती तरी फार काही वाचलं नसतं. प्रत्येक मशीनला तो पासवर्ड उलगडता यायलाच हवा, म्हणजे किल्लीही प्रत्येक मशीनमध्ये असायलाच हवी. चूक किल्ली जाहीर करण्याच्या आधीची होती : एक गुपित मध्यवर्ती ठिकाणी लिहायचं आणि सगळ्यांना वाचायला द्यायचं. `SYSVOL` डोमेनमधल्या कुठल्याही साध्या वापरकर्त्याला वाचता येतं, त्यामुळे शोधायला ही एक ओळ पुरते :

```
findstr /S /I cpassword \\ofis.local\sysvol\ofis.local\Policies\*.xml
```

१३ मे २०१४ रोजी `MS14-025` हे अपडेट आलं आणि त्या खिडकीतून नवा पासवर्ड भरणं बंद झालं. आधीच्या फायलींना मात्र त्याने हात लावला नाही. त्या अ‍ॅडमिननेच शोधून काढायच्या होत्या. आम्ही अपडेट टाकलं आणि काम झालं असं समजलो. वरची ओळ मी चालवली ती दीड वर्षाने, आणि उत्तरात २०११ ची फाईल आली.

१ मे २०१५ रोजी मायक्रोसॉफ्टने लॅप्स, म्हणजे लोकल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड सोल्यूशन, फुकट उपलब्ध करून दिलं. त्यामागचं काम मायक्रोसॉफ्टचेच यिरी फोर्माचेक यांनी आधीपासून AdmPwd या नावाने केलेलं होतं. लॅप्समध्ये एन्क्रिप्शन आधीपेक्षा भक्कम असेल अशी अपेक्षा असेल, तर तसं काही नव्हतं. तिथे पासवर्ड चक्क साध्या अक्षरांत ठेवला होता. बदलली होती ती दिशा. आता केंद्र पासवर्ड ठरवून खाली पाठवत नाही. मशीन स्वतः यादृच्छिक पासवर्ड बनवतं आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या, म्हणजे डोमेनच्या मध्यवर्ती नोंदवहीतल्या, स्वतःच्याच नोंदीत लिहून ठेवतं. लिहिण्याची परवानगी त्याला तेवढ्याच एका नोंदीपुरती असते, आणि वाचण्याची परवानगी कुठल्याच दुसऱ्या मशीनला लागत नाही. सर्वांना मिळून लागणारी किल्ली हा प्रकारच संपला.

क्रमही विचार करून ठरवलेला होता. ग्रुप पॉलिसी ताजी होते तेव्हा मशीन आपल्या नोंदीतली मुदत बघतं, जी मुळात ३० दिवसांची असते. ती उलटली असेल तर चौदा अक्षरांचा नवा पासवर्ड तयार होतो, आधी तो आणि पुढची मुदत डिरेक्टरीत लिहिली जाते, आणि मग मशीनवरचा पासवर्ड बदलतो. डोमेन कंट्रोलरशी बोलणं झालं नाही तर काहीच बदलत नाही. पावसाळ्यात आमच्या सत्तरीकडच्या शाखेची लाईन आठवडाभर पडलेली असायची. त्या काळात तिथल्या मशीनची मुदत उलटून जायची, पण जुना पासवर्ड चालत राहायचा. उलटा क्रम असता तर मशीनचा पासवर्ड बदलला असता आणि तो कुणालाच ठाऊक नसता.

साध्या अक्षरांतल्या या पासवर्डवर राखण होती ती परवानगीची. तो ज्यात असतो तो `ms-Mcs-AdmPwd` हा गुणधर्म गोपनीय म्हणून नोंदलेला असतो, त्यामुळे डिरेक्टरी वाचण्याची साधी परवानगी त्याला पुरत नाही. पण डिरेक्टरीतल्या एखाद्या विभागावर, म्हणजे ओयूवर, कुणाला पूर्वी कधी पूर्ण नियंत्रण देऊन ठेवलं असेल, तर पासवर्ड वाचण्याचा हक्क त्यातच येतो. आमच्याकडे `Find-AdmPwdExtendedRights` चालवल्यावर प्रिंटरवाल्या कंत्राटदारासाठी कधीकाळी केलेला एक ग्रुप निघाला. मशीन डोमेनला जोडता यावीत म्हणून कुणीतरी त्याला सगळेच हक्क देऊन टाकले होते. ही तपासणी लॅप्स लावायच्या आधी करायची असते. आम्ही केली नंतर.

दुसरी अडचण जास्त छळणारी होती. म्हापशाच्या हिशेबाच्या मशीनची डिस्क वीज येता-जाता गेली. दोन महिन्यांपूर्वीची इमेज होती, ती नव्या डिस्कवर चढवली. मशीन सुरू झालं, पण डोमेनशी विश्वासाचं नातं तुटल्याचा संदेश आला, कारण मशीनचा स्वतःचा डोमेन पासवर्डही मधल्या काळात बदलला होता. अशा वेळी लोकल अ‍ॅडमिननेच आत शिरायचं असतं. डिरेक्टरीतला पासवर्ड घालून पाहिला, चालला नाही. इमेजमध्ये दोन महिन्यांपूर्वीचा होता, डिरेक्टरीत ताजा, आणि जुना लॅप्स मागचे पासवर्ड ठेवतच नाही. तिथला मुलगा फोनवर तीनदा म्हणाला, "सर, तुम्ही सांगता तेच घालतोय." खरंच तेच घालत होता. शेवटी बाहेरून बूट करून पासवर्ड पुसावा लागला. मी सकाळच्या बसने गेलो होतो, परत आलो ते रात्री.

११ एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून लॅप्स विंडोजमध्येच आलं, वेगळं काही टाकायला नको. डोमेनची पातळी २०१६ ची किंवा पुढची असेल तर पासवर्ड एन्क्रिप्ट होऊन साठतो, आणि तशा वेळी मागचे बारापर्यंत पासवर्ड ठेवता येतात. तो आकडा मुळात शून्य असतो, तो आपण वाढवायचा. म्हापशाची गोष्ट आज घडली असती तर एवढंच करावं लागलं असतं :

```
Get-LapsADPassword -Identity MPS-AC-03 -AsPlainText -IncludeHistory
```

आलेल्या यादीत इमेजच्या तारखेला जो पासवर्ड लागू होता तो शोधायचा आणि फोनवर सांगायचा. याच आज्ञेच्या उत्तरात `DecryptionStatus` पुढे `Unauthorized` दिसलं तर मात्र घोळ दुसरीकडे असतो. वाचण्याची परवानगी आणि उलगडण्याची परवानगी आता वेगवेगळ्या आहेत. उलगडण्याचा अधिकार आपण काही ठरवलं नाही तर डोमेन अ‍ॅडमिन्सकडेच राहतो, आणि हेल्पडेस्कला नोंद दिसते पण पासवर्ड दिसत नाही. पॉलिसीत उलगडणारा ग्रुप बदलला तरी तो लागू होतो पुढच्या पासवर्डपासून, कारण आधीचा जुन्या ग्रुपसाठी एन्क्रिप्ट झालेला असतो. म्हणून ग्रुप बदलला की त्या मशीनवर एकदा `Reset-LapsPassword` चालवावं लागतं.

फोनवरून सांगितलेला पासवर्ड नंतर त्या माणसाच्या डायरीत राहतो, यावरही आता इलाज आहे. त्या खात्याने लॉगिन झालं, की ठरलेल्या वेळाने, मुळात २४ तासांनी, मशीन पासवर्ड बदलतं आणि त्या खात्याचं चालू सत्र बंद करतं. सांगण्याचा त्रास मात्र बराच काळ तसाच होता. हा कॅपिटल आय की स्मॉल एल, शून्य की ओ, यात पाच मिनिटं जायची. विंडोज ११ च्या 24H2 आवृत्तीत गोंधळात टाकणारी अक्षरं वगळण्याची सोय आली, आणि शब्द जोडून केलेल्या पासवर्डचीही. ते शब्द इंग्रजी असतात, पण काउंटरवरच्या माणसाला ते टाइप करणं चिन्हांपेक्षा सोपं जातं.

त्याच आवृत्तीत इमेज मागे गेल्याचं ओळखणंही आलं. मशीन आपल्याजवळची पासवर्डची आवृत्ती डिरेक्टरीतल्या आवृत्तीशी ताडून पाहतं आणि जुळली नाही तर मुदतीची वाट न बघता पासवर्ड बदलतं. काल-परवाच्या स्नॅपशॉटवर परत नेलेल्या मशीनला याचा उपयोग होतो. म्हापशाच्या त्या मशीनला झाला नसता, कारण डोमेनशी नातंच तुटल्यावर डिरेक्टरीत नवा पासवर्ड लिहायला ते जाणार कसं? तिथे मागच्या पासवर्डांची यादीच लागली असती.