त्रुटिरेषा : प्रमाण विचलन आणि प्रमाण त्रुटी

आलेखातील सरासरीच्या वर-खाली काढलेली उभी रेषा, म्हणजे एरर बार. ही रेषा दोन अगदी वेगळ्या गोष्टी दाखवू शकते आणि नुसती पाहून कोणती ते कळत नाही. प्रमाण विचलन (एसडी) सांगते, की एकेक नमुना सरासरीपासून किती पांगलेला आहे. प्रमाण त्रुटी (एसई) सांगते, की काढलेली सरासरी स्वतः किती भरवशाची आहे. विचलनाला नमुनासंख्येच्या वर्गमुळाने भागले की त्रुटी मिळते.

सांगलीच्या हळदीचे कल्पित उदाहरण घेऊ. दोन वाणांची प्रत्येकी २५ शेते निवडली आणि दर शेतातून एक नमुना तपासला. हळदीतल्या कुरकुमिन या पिवळ्या घटकाची सरासरी पहिल्यात ३.६ टक्के, दुसऱ्यात ४.० टक्के, विचलन दोन्हींत ०.५. विचलनाच्या रेषा ३.१ ते ४.१ आणि ३.५ ते ४.५ अशा एकमेकींवर चढतात, म्हणून पाहणारा ‘फरक नाही’ म्हणून मोकळा होतो. पण त्रुटी ०.५ ÷ ५, म्हणजे ०.१ आहे. सरासरींतला ०.४ चा फरक त्या मानाने मोठा असून दोन सरासरींची तुलना करणाऱ्या टी-चाचणीत पी-मूल्य ०.०१ च्या खाली येते, म्हणजे वाणांत खरा फरक नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. शेते चारच असती, तर त्रुटी ०.२५ झाली असती आणि तोच फरक सिद्ध झाला नसता.

सौद्यात एखाद्या शेताची हळद घेणाऱ्याला विचलन हवे, कारण त्याच्या पदरात सरासरी पडत नाही, एकच माल पडतो. वाणांची तुलना करणाऱ्याला त्रुटी हवी, किंवा त्याहून बरे म्हणजे ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे खरी सरासरी जिच्यात असावी अशी पट्टी. रेषा आखूड दिसते म्हणून त्रुटी निवडण्याची सवय मात्र जुनीच आहे. त्रुटीच्या रेषा एकमेकींना शिवत नाहीत, एवढ्यावरून फरक सिद्ध होतो हाही गैरसमज.

‘३.६ ± ०.५’ एवढेच लिहिणे अपुरे. आकृतीखालचा मजकूर असा हवा : ‘स्तंभ म्हणजे सरासरी, उभ्या रेषा म्हणजे ± १ प्रमाण विचलन, प्रत्येक वाणाची २५ शेते, दर शेतातून एक नमुना.’ लेखातही ‘३.६ टक्के (प्रमाण विचलन ०.५)’ असेच लिहावे, आकृतीत एक आणि लेखात दुसरे माप आले, तर वाचक फसतो. नमुनासंख्या दिली असेल, तर एका मापावरून दुसरे काढता येते.

खरी चूक बहुधा या संख्येतच लपते. पाच शेतांची पूड प्रत्येकी पाच वेळा तपासली, तर मोजण्या २५ झाल्या, स्वतंत्र नमुने पाचच. २५ ने काढलेली त्रुटी खोटी आखूड येते.

मजकूर मूग गिळून असेल आणि आलेखात सुटे ठिपके असतील, तर ते मोजावेत. साधारण दोन-तृतीयांश ठिपके रेषेच्या आवाक्यात असले, तर ते विचलन. बहुतेक बाहेर पडले, तर ती त्रुटी.