तिसऱ्याच महिन्यात पोट साफ का होत नाही?

"तिसरा महिना लागलाय, दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही, दिवसभर झोप येते. सासूबाई म्हणतात बाळ आतड्यावर दाबतंय आणि झोप म्हणजे आळस. खरंय का?"

नाही गं. बाराव्या आठवड्यात बाळ जेमतेम ५-६ सेंटीमीटरचं, लिंबाएवढं असतं, ते काय दाबणार! हे काम प्रोजेस्टेरॉन या गरोदरपणात वाढणाऱ्या हार्मोनचं. गर्भाशय आवळू नये म्हणून ते तिथले स्नायू सैल ठेवतं, पण तसलेच स्नायू आतड्यातही असतात, मग तेही मंदावतात, मल आत जास्त वेळ राहतो आणि पाणी शोषलं जाऊन खडा होतो. हेच हार्मोन शरीरात मोडून जे तयार होतं ते मेंदूला गुंगी आणतं, म्हणून झोप येते, आळस नव्हे. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्यांनी त्रास वाढू शकतो, पण त्या मनाने बंद करू नकोस. पाणी वाढव, एरंडेल मात्र नको, इसबगोल डॉक्टरांना विचारून घे. रक्त पडलं किंवा पोटात जोरात दुखलं तर थांबू नकोस.

आणि सांधे सैल करणारं रिलॅक्सिन हे हार्मोन शेवटच्या महिन्यांत वाढतं, म्हणून कंबर दुखते असंही म्हणतात, पण ते सगळ्यात जास्त पहिल्या तीन महिन्यांच्या शेवटी असतं, नंतर उतरतं. नवव्या महिन्यातल्या कंबरदुखीत वाढलेल्या वजनाचा आणि पुढे आलेल्या पोटाचा मोठा हात असतो.