पन्नास टक्के, पण कितीचे?

केळीचा भाव पन्नास टक्क्यांनी वाढला, असं रावेरच्या शेतकऱ्याला सांगितलं तर तो लगेच विचारतो, कितीचा किती झाला? क्विंटलला ६०० चे ९०० झाले तरी वाढ पन्नास टक्के, आणि १,६०० चे २,४०० झाले तरी पन्नासच. पण पहिल्या भावात खर्चही निघत नाही. ‘अमुक औषधाने आजाराचा धोका ५० टक्क्यांनी वाढतो’ ही बातमी वाचताना मात्र तोच माणूस मूळ आकडा विचारायचं विसरतो. बातमीतही तो बहुतेक वेळा दिलेला नसतो.

समजा, चोपड्याकडे १०,००० वस्तीचं एक गाव आहे. बातमीतला आजार तिथे वर्षाला दोघांना होतो. गावातल्या सगळ्यांनी ते औषध घेतलं आणि धोका ५० टक्क्यांनी वाढला, तर आजारी पडतील तिघं. आधी ९,९९८ लोक ठणठणीत होते, आता ९,९९७ आहेत. दोनाचे तीन होणं ही सापेक्ष वाढ, म्हणजे ५० टक्के. दहा हजारांत एकाची भर ही निव्वळ वाढ, म्हणजे ०.०१ टक्का. दोन्ही आकडे खरे आहेत, पण आपल्यावर काय बेतणार हे दुसराच सांगतो. आता आजार असा धरा की तो आधीच वर्षाला २०० जणांना होत होता. मग त्याच ५० टक्क्यांनी तीनशे आजारी पडतात. शंभर घरांत नवं दुखणं आलं, आणि ही बातमी खरोखर मोठी आहे.

मूळ आकडा गळतो त्यामागे नेहमी लबाडी असतेच असं नाही. पुष्कळ अभ्यासांत आधीच आजारी असलेले आणि निरोगी असे दोन गट घेऊन ‘तुम्ही हे औषध घेत होता का’ असं विचारतात. त्यातून धोका किती पट आहे ते कळतं, पण दर हजारी किती लोक आजारी पडतात हे त्या अभ्यासातून निघूच शकत नाही. ते दुसरीकडून आणावं लागतं, आणि बातमी लिहिताना तेवढी वाट कोणी चालत नाही.

याची किंमत ब्रिटनने मोजली आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथल्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना कळवलं, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट होतो. दुप्पट, म्हणजे १०० टक्के वाढ. बातम्यांत तोच शब्द गाजला. प्रत्यक्षात जुनी गोळी घेणाऱ्या सुमारे ७,००० बायकांमागे वर्षाला एकीला गुठळी होत होती, नव्या गोळीने ती दोघींना होणार होती. घाबरून अनेकींनी गोळ्याच सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. आणि गुठळीचा धोका गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर या दोन्ही गोळ्यांपेक्षा जास्तच असतो. ज्या धोक्याला भिऊन गोळी सोडली, तोच मोठा होऊन पुढ्यात आला.

म्हणून बातमी हातात आली की आधी मूळ धोका शोधावा: किती जणांत, किती काळात? काळ फार महत्त्वाचा. दहा हजारांत दोन हा आकडा वर्षाचा की जन्मभराचा, यावर सगळं फिरतं. मग त्याला टक्क्याने गुणावं. दोनाचे ५० टक्के म्हणजे एक, आणि दोनात एक मिळवून तीन. बातमीत किंवा मूळ अभ्यासात मूळ आकडा सापडलाच नाही, तर त्या टक्क्यावरून औषध बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं.

एका माणसासाठी नगण्य असलेला धोका जिल्ह्यासाठी मात्र नगण्य नसतो. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाखांहून जास्त होती. प्रत्येकाने ते औषध घेतलं असतं तर दहा हजारांत एक या हिशेबाने चारशेवर लोक जास्त आजारी पडले असते. आरोग्य खात्याला हे मोजावंच लागतं, आणि तसा इशारा देण्यात त्यांची काही चूक नाही.

शिवाय मूळ धोका सगळ्यांचा सारखा नसतो. नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण आहेत. नुसत्या वाहकाची गोष्ट वेगळी, पण ज्या बाईला प्रत्यक्ष हा आजार आहे तिच्या रक्तात गुठळी होण्याची प्रवृत्ती मुळातच जास्त असते. सात हजारांत एक हा आकडा तिचा नव्हे. त्यामुळे ‘दुप्पट’ हा शब्द तिच्या बाबतीत बराच जड होतो. गर्भनिरोधक गोळी सुरू करण्याआधी तिने आपला आजार डॉक्टरांना सांगायला हवा, आणि तिने सांगितलं नाही तर डॉक्टरांनी विचारायला हवं.